न समजणाऱ्या भाषेतील प्रार्थना आणि अर्थग्रंथांची निवड

देवदर्शनासाठी येणाऱ्या भाविकांपैकी बहुतेकांच्या मुखी काही संस्कृत स्तोत्रे असतात. गणपत्यथर्वशीर्ष, रामरक्षा, पुरुषसूक्त, विष्णुसहस्रनाम ही त्यांतील नित्याची नावे. लहानपणी घरातील वडीलधाऱ्यांनी ती पाठ करून घेतलेली असतात आणि पुढे आयुष्यभर ती म्हटली जातात. कधीतरी मनात प्रश्न उभा राहतो, की ज्या शब्दांचा अर्थ आपणास ठाऊक नाही, ते शब्द उच्चारणे ही प्रार्थना होय काय? आणि अर्थ जाणून घ्यावयाचा तर बाजारात मिळणाऱ्या अनेक ‘सार्थ’ पुस्तकांपैकी कोणत्यावर विश्वास ठेवावा? हे दोन्ही प्रश्न फार जुने असून आपल्या परंपरेने त्यांचा विचार आडपडदा न ठेवता केलेला आहे.

कौत्स आणि यास्क

वेदांतील कठीण शब्दांचे निर्वचन करणारा यास्काचार्यांचा ‘निरुक्त’ हा ग्रंथ वेदाच्या सहा अंगांपैकी एक मानला जातो. त्याच्या पहिल्याच अध्यायात कौत्स नावाच्या आचार्यांचे मत दिले आहे. मंत्रांना अर्थच नसतो, असे कौत्सांचे म्हणणे. हे म्हणणे नास्तिकाचे नाही, ते वैदिक परंपरेच्या आतूनच आलेले आहे. मंत्रातील शब्द ठरलेले असतात व त्यांचा क्रमही ठरलेला असतो. एका शब्दाच्या जागी त्याच अर्थाचा दुसरा शब्द घातलेला चालत नाही. मग महत्त्व ध्वनीलाच आहे, अर्थाला नाही, हा त्यांचा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा असा, की काही मंत्रांचा अर्थ घेऊ गेल्यास तो विसंगत ठरतो. वनस्पतीला ‘याचे रक्षण कर’ असे सांगायचे आणि शस्त्राला ‘याला इजा करू नको’ असे विनवून त्याच शस्त्राने छेद करायचा! एके ठिकाणी रुद्र एकच आहे असे म्हणायचे आणि दुसऱ्या ठिकाणी असंख्य सहस्र रुद्रांचा उल्लेख करायचा!

यास्कांचे उत्तर आजही विचार करण्याजोगे आहे. मंत्रांतील शब्द लोकव्यवहारात वापरले जाणारेच आहेत. व्यवहारात त्यांना अर्थ असतो, तर मंत्रातच तो नाहीसा कसा होईल? शब्दांचा क्रम ठरलेला असणे हेही व्यवहारात आढळते. काही जोडशब्द आपण एकाच क्रमाने उच्चारतो, म्हणून ते निरर्थक ठरत नाहीत. आणि काही मंत्रांचा अर्थ लागत नाही, हा मंत्रांचा दोष नव्हे. वाटेत खांब उभा असावा आणि अंधाला तो दिसू नये, यात खांबाचा काय अपराध? पुढे जाऊन यास्क असेही सुचवितात, की वेद पाठ करून त्याचा अर्थ न जाणणारा मनुष्य केवळ भार वाहणारा ठरतो.

पुढे जैमिनींच्या मीमांसासूत्रांत पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात हाच वाद पुन्हा उभा राहतो आणि मीमांसकांचा निर्णय असा, की यज्ञात मंत्र म्हणण्याचे प्रयोजन जे कर्म करावयाचे त्याचे स्मरण करून देणे हे आहे. स्मरण अर्थावाचून होऊ शकत नाही. कर्मकांडाचा सर्वांत कडक पुरस्कार करणाऱ्या शास्त्रानेच मंत्राच्या अर्थाची बाजू घेतली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तथापि ध्वनीची बाजूही हलकी नाही. ज्यांनी पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ यांच्या साहाय्याने वेदाचे अक्षरन् अक्षर, स्वरन् स्वर शुद्ध राखला, त्या पाठकांपैकी अनेकांनी अर्थाचे अध्ययन केलेले नव्हते. महाराष्ट्रात पूर्वी ‘वैदिक’ आणि ‘शास्त्री’ असा भेदच रूढ होता. दशग्रंथी वैदिकाच्या दहा ग्रंथांत स्वतः यास्कांचे निरुक्तही येते. म्हणजे अर्थ जाणला पाहिजे असे सांगणारा ग्रंथदेखील पाठांतरानेच जपला गेला. पाठांतर नसते, तर अर्थ लावण्यास मूळ ग्रंथच शिल्लक राहिला नसता. म्हणून अर्थ न जाणता पाठ करणाऱ्यास कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु जतन करणे आणि प्रार्थना करणे ही दोन कामे भिन्न आहेत, एवढे मात्र यातून स्पष्ट होते.

अश्रूंचा पुरावा

अर्थाचा आग्रह धरणाऱ्यांना भक्तिमार्गाकडून एक उत्तर दिले जाते. चैतन्य महाप्रभूंच्या चरित्रात, ‘चैतन्यचरितामृत’ या बंगाली ग्रंथात, श्रीरंगम् येथील एका ब्राह्मणाची कथा आहे. तो रोज मंदिरात बसून गीतेचे अठरा अध्याय वाची. उच्चार अशुद्ध असत, लोक त्याला हसत, परंतु वाचताना त्याच्या डोळ्यांतून अश्रुधारा वाहत. महाप्रभूंनी विचारले, की कोणता अर्थ समजून आपणास एवढा आनंद होतो? तो म्हणाला, की शब्दांचा अर्थ मला कळत नाही. गुरूंची आज्ञा म्हणून वाचतो. परंतु पोथी हाती असते तोवर अर्जुनाच्या रथावर सारथी होऊन बसलेला श्यामसुंदर श्रीकृष्ण त्याला उपदेश करीत असलेला मला दिसतो. गीता वाचण्याचा खरा अधिकार तुमचाच, असे सांगून महाप्रभूंनी त्याला आलिंगन दिले.

ही कथा ‘अर्थ जाणण्याची गरज नाही’ याच्या समर्थनार्थ सांगितली जाते. बारकाईने पाहिले तर ती तेवढे सांगत नाही. त्या ब्राह्मणाला शब्द कळत नव्हते, परंतु कोण बोलतो आहे, कोणाशी बोलतो आहे आणि कोणत्या प्रसंगी बोलतो आहे, हे पूर्ण ठाऊक होते. अर्थाचा हा सर्वांत मोठा भाग त्याच्यापाशी होता. देव स्वतः भक्ताच्या रथाचा लगाम हाती घेतो, हेच पाहून तो रडत होता.

यावरून प्रार्थनेतील अर्थाचे तीन थर वेगळे करता येतात. पहिला थर : ही प्रार्थना कोणाला उद्देशून आहे. दुसरा : तिच्यात आपण काय करीत आहोत, म्हणजे स्तुती करतो, काही मागतो, क्षमा याचतो की वचन देतो. तिसरा : प्रत्येक शब्दाचा नेमका अर्थ. पहिल्या थरावाचून प्रार्थना संभवत नाही. तिसरा थर अभ्यासकाचा आहे. तो नसल्याने भक्ती उणी होत नाही. खरा नैतिक प्रश्न दुसऱ्या थराविषयी आहे. स्तुतीचे शब्द न समजता म्हटले तर फार तर आनंद कमी मिळतो. वचनाचे शब्द न समजता म्हटले, तर ज्याने वचन दिले त्यालाच आपण काय बोललो हे ठाऊक नसते.

वचन कोणाचे?

याची दोन उदाहरणे प्रत्येक मराठी घरात आढळतात. विवाहविधीत कन्यादानाच्या वेळी, धर्म, अर्थ व काम यांत वधूला सोडून मर्यादेबाहेर जाणार नाही, असे वराकडून वदवून घेतले जाते. त्यासाठी वर जो शब्द उच्चारतो तो ‘नातिचरामि’. ‘न’ आणि ‘अतिचरामि’ असे त्याचे दोन भाग. मी उल्लंघन करीत नाही, मर्यादा ओलांडीत नाही, हा त्याचा अर्थ. गुरुजींच्या मागून हा शब्द म्हणणाऱ्या किती वरांना आपण शब्द दिला याची जाणीव असते, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या मनात शोधावे. मंडपात हसण्याखिदळण्यात तो क्षण निघून जातो. दिलेले वचन मात्र उभेच राहते.

दुसरे उदाहरण संकल्पाचे. अभिषेक, पूजा वा अनुष्ठान यांच्या आरंभी यजमान उजव्या हातात पाणी घेऊन संकल्प करतो. त्यात क्रमाने देश, काल, शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार आणि नक्षत्र येते. मग यजमानाचे गोत्र व नाव, मग कोणत्या हेतूने हे कर्म करावयाचे तो हेतू, मग कर्माचे नाव आणि शेवटी ‘करिष्ये’ हे क्रियापद. संस्कृतात ‘करिष्यामि’ व ‘करिष्ये’ अशी दोन्ही रूपे होतात; कर्माचे फळ कर्त्याला स्वतःला मिळावे असा अभिप्राय असता ‘करिष्ये’ हे आत्मनेपदी रूप येते, असा पाणिनीचा नियम आहे. म्हणजे ‘हे कर्म मी माझ्यासाठी करीन’ असे यजमान स्वमुखाने सांगतो.

संकल्पाचा अर्थ कळला तर त्यातील चूकही कळते. महाराष्ट्रातील संकल्पात देशाचा निर्देश करताना गोदावरीच्या दक्षिण तीराचा उल्लेख सर्रास येतो. ज्याचे घर गोदावरीच्या उत्तरेस आहे, त्याच्यासाठी तेथे ‘उत्तर’ असा बदल हवा. मुलाबाळांसह परदेशी स्थायिक झालेले कुटुंब तेथे सत्यनारायणाची पूजा करते आणि संकल्पात मात्र गोदावरीचे दक्षिण तीरच येते. अशा वेळी देवापुढे उच्चारलेले पहिलेच विधान वस्तुस्थितीस धरून राहत नाही. जाणते पुरोहित तेथील भूभागाचा निर्देश करून हे वाक्य बदलून घेतात. ज्याला अर्थ ठाऊक नाही त्याला मात्र बदल झाला की नाही, हेही उमगत नाही. गोत्र, नाव किंवा हेतू यांत घोटाळा झाला तरी त्याची गत हीच.

म्हणून भाविकाला सर्व मंत्रांचा अर्थ शिकण्यास वेळ नसेल तरी संकल्पाचा अर्थ त्याने पूजेपूर्वी गुरुजींना अवश्य विचारावा. त्यास दोन-तीन मिनिटे लागतात. ‘माझ्या नावाने मी कशासाठी काय करीन म्हणतो आहे?’ एवढाच तो प्रश्न आहे.

अथर्वशीर्ष : अर्थ कळल्याने काय बदलते

महाराष्ट्रात अर्थावाचून सर्वाधिक म्हटला जाणारा पाठ बहुधा गणपत्यथर्वशीर्षाचा असावा. त्याची रचना समजून घेतली म्हणजे अर्थ जाणण्याचा लाभ प्रत्यक्ष दिसून येतो. आरंभी गणपतीला उद्देशून तूच तत्त्व, तूच कर्ता, धर्ता आणि हर्ता आहेस, असे म्हटले आहे. मग पाठक आपण खरे बोलत असल्याचे सांगतो. तेथे ‘ऋत’ व ‘सत्य’ असे दोन शब्द आहेत. अनेक पुस्तके दोहोंचाही अर्थ ‘सत्य’ एवढाच देतात. ऋत म्हणजे सृष्टीचा अटळ नियम आणि सत्य म्हणजे त्याला धरून असलेले खरे बोलणे, असा भेद केला नाही तर पाठक एकच गोष्ट दोनदा म्हणतो आहे असे वाटते.

त्यापुढे रक्षणाची मागणी येते. ‘अव’ म्हणजे रक्षण कर. वक्ता, श्रोता, दाता अशी एकेकाचे रक्षण मागितल्यावर दिशांची पाळी येते. येथे ‘पश्चात्तात्’ हा शब्द मराठी कानाला ‘पश्चात्ताप’ या शब्दाची आठवण करून देतो आणि ‘दक्षिणात्तात्’ हा ‘दक्षिणे’ची. प्रत्यक्षात पहिल्याचा अर्थ मागील बाजूने किंवा पश्चिमेकडून आणि दुसऱ्याचा दक्षिणेकडून असा आहे. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली अशा सहाही बाजूंनी आपणास सांभाळावे, हे मागणे आहे. अंधाऱ्या वाटेने निघालेल्या लेकराने आईचा हात धरावा तसा हा भाग आहे; अर्थ कळला की तो घाईने म्हणवत नाही.

नंतरचा एक भाग तर प्रार्थनाच नाही. तेथे गणपतीचे बीज कसे उच्चारावे याची कृती सांगितली आहे. आधी ‘गण’ शब्दातील पहिला वर्ण, मग वर्णांतील पहिला म्हणजे अकार, त्यानंतर अनुस्वार. गकार हे पूर्वरूप, अकार हे मध्यरूप, अनुस्वार हे अंत्यरूप अशी मांडणी करून ही गणेशविद्या होय, असे सांगितले जाते. पाठोपाठ तिचा ऋषी, छंद व देवता येतात. हा गुरूने शिष्याला दिलेला पाठ आहे. तो ध्यानी आल्यावर पाठकाला उमगते, की ‘गं’ हे एक अक्षर उच्चारण्याची रीत इतके दिवस आपण मोठ्याने म्हणत होतो. सांगितल्याप्रमाणे ते अक्षर मन लावून उच्चारले मात्र कधी नव्हते.

शेवटी फलश्रुती. सायंकाळी पठण केल्यास काय फळ, प्रातःकाळी केल्यास काय, सहस्र आवर्तनांनी काय, हे तेथे सांगितले आहे. एकवीस आवर्तने करताना फलश्रुती दर वेळी न म्हणता शेवटच्या आवर्तनानंतर एकदाच म्हणावी, असा सर्वसाधारण प्रघात आहे. याचे कारण अर्थातच दडलेले आहे. फलश्रुती ही पाठाविषयीची माहिती आहे, पाठ नव्हे. औषधाच्या प्रत्येक मात्रेबरोबर बाटलीवरील चिठ्ठी कोणी मोठ्याने वाचीत नाही. अर्थ न जाणणाऱ्यास हा प्रघात म्हणजे निव्वळ नियम वाटतो. अर्थ जाणणाऱ्यास तो सांगावाच लागत नाही.

स्वभाषेतही अर्थ हरवतो

यावर उपाय म्हणून ‘मग मराठीतच प्रार्थना करावी’ असे कोणी म्हणेल. हा मार्ग आपल्या संतांनीच घालून दिलेला आहे. ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, गीतेचा अर्थ मराठीत आणला. एकनाथ महाराजांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपला ग्रंथ काशीक्षेत्री शके १४९५ मध्ये, इ. स. १५७३ मध्ये, पूर्ण केला. देवाला संस्कृतच कळते, असे या परंपरेने कधी मानले नाही.

परंतु भाषा आपली असली म्हणजे अर्थ आपोआप कळतो, असेही नाही. गणपतीच्या आरतीतील ‘फणिवरबंधना’ हा शब्द अनेक ठिकाणी ‘फळीवर वंदना’ असा ऐकू येतो. फणिवर म्हणजे श्रेष्ठ नाग. ज्याच्या अंगी नागाचे बंधन आहे असा तो, हा मूळ अर्थ. त्याच आरतीतील ‘संकटी’, म्हणजे संकटात, याचे ‘संकष्टी’ होते आणि देवाने संकटकाळी पावावे ही मागणी एका तिथीपुरती उरते. मूळ आरती मराठीच आहे. न समजता म्हणण्याची सवय जडली, की संस्कृत काय नि मराठी काय, दोन्ही सारखीच परकी होतात. ज्ञानेश्वरीचेही तसेच आहे. तेराव्या शतकातील मराठी आज सर्वांना सहज उलगडत नाही. म्हणून संस्कृत न जाणणाऱ्यांसाठी सिद्ध झालेला हा ग्रंथ आज ‘सार्थ’ स्वरूपात घ्यावा लागतो.

अर्थग्रंथ कसा निवडावा

अर्थ सांगणारी पुस्तके एकाच जातीची नसतात. गीतेवरील तीन प्रसिद्ध मराठी ग्रंथ पाहिले तर हे स्पष्ट होईल. विनोबाजींची ‘गीताई’ ही समश्लोकी आहे. एका श्लोकास एक श्लोक, त्याच बेताच्या शब्दांत. म्हणण्यासाठी ती उत्तम, परंतु जागा थोडी असल्याने शब्दाचे सर्व पदर तीत उलगडणे शक्य नाही. ज्ञानेश्वरी ही टीका आहे. सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या, म्हणजे सरासरीने एका श्लोकास बारा-तेरा ओव्या पडतात. त्यांतील दृष्टान्त व विस्तार ज्ञानेश्वर महाराजांचे आहेत. श्लोकात नेमके काय आहे हे शोधण्यासाठी नव्हे, तर त्या अर्थात मुरण्यासाठी ती वाचावी. लोकमान्य टिळकांचे १९१५ साली प्रसिद्ध झालेले ‘गीतारहस्य’ हे गीतेचे तात्पर्य कर्मयोगात आहे, हा सिद्धान्त प्रमाणांनी मांडते. श्लोकांचा अनुवादही त्यात आहे, परंतु तो त्या सिद्धान्ताच्या सोबतीने वाचावयाचा. तिन्ही थोर आहेत आणि तिघांचे काम निरनिराळे आहे. भाविकाने आधी स्वतःस विचारावे, की आपणास म्हणावयाचे आहे, चिंतन करावयाचे आहे की शब्दार्थ पाहावयाचा आहे?

शब्दार्थ पाहावयाचा असेल तर पुस्तकात तीन गोष्टी असाव्यात. एक म्हणजे पदच्छेद, अर्थात संधी सोडवून दाखविलेले सुटे शब्द. दुसरी म्हणजे अन्वय, अर्थात ते शब्द गद्याच्या क्रमाने लावून दाखविणे. तिसरी म्हणजे शब्दार्थ आणि भावार्थ हे वेगवेगळे छापलेले असणे. जेथे केवळ भावार्थच दिलेला असतो, तेथे मुळात असलेले किती व अनुवादकाने घातलेले किती, हे वाचकास कळण्याचा मार्ग उरत नाही.

पुस्तक विकत घेण्यापूर्वी करून पाहण्याजोगी एक सोपी परीक्षा आहे. संस्कृतातून मराठीत आलेल्या अनेक शब्दांचे अर्थ काळाच्या ओघात बदलले. मराठीत ‘राग’ म्हणजे क्रोध, संस्कृतात आसक्ती. मराठीत ‘माया’ म्हणजे ममता, संस्कृतात भ्रम निर्माण करणारी शक्ती. पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ असे आपण लिहितो. संस्कृतात लोभ हा नरकाच्या दारांपैकी एक ठरतो. ‘संसार’ म्हणजे मराठीत घरप्रपंच, संस्कृतात जन्ममरणाचा फेरा. ‘शिक्षा’ मराठीत दंड आहे, संस्कृतात अध्ययन. शब्द ओळखीचा दिसतो म्हणूनच येथे वाचक फसतो, आणि घाईने काम करणारा अनुवादकही.

परीक्षेसाठी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील छप्पन्नावा श्लोक काढावा. स्थितप्रज्ञ कोणाला म्हणावे हे तेथे सांगितले असून ज्याचे राग, भय व क्रोध गेले आहेत असा उल्लेख आहे. पुस्तकात ‘राग’ तसाच ठेवून पुढे क्रोधही लिहिला असेल, किंवा दोहोंचा अर्थ संताप असाच दिला असेल, तर तीन दोषांचे दोनच झाले. भगवंतांनी आसक्ती सोडण्यास सांगितले होते ते वाक्यातून गळालेच. आणि त्या श्लोकातील सर्वांत कठीण मागणी नेमकी तीच होती. ‘राग’ या शब्दापुढे आसक्ती, प्रीती किंवा ओढ असा अर्थ दिलेला आढळला, तर अनुवादक सावध आहे असे समजावे. मग त्याच अध्यायातील सत्तेचाळीसावा श्लोक पाहावा. तेथील ‘अधिकार’ या शब्दाचा अर्थ केवळ ‘हक्क’ असा दिला असेल, तर आजच्या व्यवहारातील हक्काची कल्पना श्लोकात शिरते. योग्यता, नेमून दिलेले क्षेत्र, आपल्या हाती असलेली गोष्ट या छटांची ओळख चांगले पुस्तक टिपेत करून देते.

शेवटची कसोटी अनुवादकाच्या प्रामाणिकपणाची. काही ठिकाणी मूळ शब्दालाच दोन अर्थ संभवतात. विश्वामित्र ऋषींच्या गायत्री मंत्रातील ‘धीमहि’ हे पद त्यांपैकी एक. परंपरेने त्याचा अर्थ ‘ध्यान करतो’ असा घेतला जातो. ते धारण करणे, प्राप्त करून घेणे या अर्थाच्या ‘धा’ धातूचे रूप आहे, असे व्याकरणाच्या आधारे अनेक अभ्यासक मानतात. सायणाचार्यांनीही या मंत्राचे एकाहून अधिक अर्थ दिले आहेत. अनुवादाला यांपैकी एकच अर्थ निवडावा लागतो. मूळ मंत्र मात्र दोन्ही अर्थ पोटात घेऊन उभा राहतो. अनुवाद कितीही उत्तम असला तरी मूळ पाठ सोडू नये याचे कारण हेच. आणि अशा जागी ‘दुसराही अर्थ संभवतो’ अशी टीप देणारे पुस्तक, सर्वत्र एकच ठाम अर्थ देणाऱ्या पुस्तकापेक्षा अधिक विश्वासार्ह होय.

आपला नित्याचा पाठ चालू ठेवून भाविकाने आठवड्यास एक ओळ, पदच्छेदासह, अशा गतीने अर्थ पाहण्यास हरकत नाही. ज्या ठिकाणी आपण देवाजवळ काही मागतो किंवा त्याला वचन देतो, त्या ओळी आधी घ्याव्यात. स्तुतीच्या ओळी मागाहून आल्या तरी चालतील. आपण काय मागतो आहोत हे कळल्यावर एखादे मागणे आपलेसे वाटणार नाही, असेही घडेल. तेथे थांबून विचार करावा लागला, तर ती ओळ त्या दिवशी पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने देवापुढे म्हटली गेली असे समजावे.